पुळी आजची, बीज दोन महिन्यांपूर्वीचं

ट्रेटिनॉइनच्या ट्यूबसोबत खोक्यात एक पातळ कागद घडी घालून ठेवलेला असतो. अक्षर मुंगीएवढं, भाषा डॉक्टरी, त्यामुळे बहुतेक घरांत तो खोक्याबरोबरच कचऱ्यात जातो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ट्यूबच्या या कागदावर मोठं उपयोगाचं वाक्य आहे. त्याचा आशय असा: उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत लाल, सुजलेल्या पुळ्या वाढल्यासारख्या दिसू शकतात, आत खोलवर असलेल्या, तोवर न दिसलेल्या पुळ्यांवर औषध काम करू लागल्यामुळे असं होतं, आणि एवढ्या कारणावरून औषध बंद करू नये.

आज ज्याला सगळे ‘पर्जिंग’ म्हणतात, त्यातलं खरं तेवढं या वाक्यात आलेलं आहे. पर्जिंग हा शब्द मात्र त्यात नाही. तो नंतर आला आणि हातोहाती फिरत फिरत इतका सैल झाला, की आता कशालाही चालतो. निआसिनमाइडचं सीरम लावून गालावर पुळ्या आल्या, पर्जिंग. पार्लरमध्ये फेशियल करून आल्यावर चेहरा फुलला, पर्जिंग. नव्या क्रीमने आग आग झाली, तेही पर्जिंगच. आपल्याकडे या कल्पनेला तयार जमीनही होती. ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे’ हे घराघरांत ऐकू येणारं वाक्य. त्वचेखाली घाणीचा साठा असतो, चांगलं औषध तो उपसून काढतं आणि उपसा संपला की चेहरा लख्ख, असं हे चित्र. ऐकायला पटतं, पण त्वचेखाली असा कुठलाही साठा नसतो.

या सैल शब्दापायी नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. ज्यांनी थांबायला हवं ते तिसऱ्या आठवड्यात घाबरून औषध सोडतात. आणि ज्यांनी तिसऱ्या दिवशीच हात आखडता घ्यायला हवा, ते तीन महिने सोसत बसतात.

खऱ्या पर्जिंगचं कारण समजून घ्यायचं तर त्वचेवरच्या एका छिद्रात उतरावं लागेल. प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी ग्रंथी असते. तिचं तेल एका अरुंद नळीतून वर येतं. नळीच्या आतल्या भिंतीलाही त्वचेचंच अस्तर असतं. त्या अस्तराच्या पेशी मरतात, सुटतात आणि तेलाबरोबर वाहून बाहेर पडतात. मुरमं येणाऱ्या त्वचेत या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि सुटण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात. त्यांचा आणि तेलाचा मिळून एक बोळा बसतो. सुरुवातीला तो इतका बारीक असतो, की आरशात दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. त्वचारोगतज्ज्ञ त्याला मायक्रोकोमेडोन म्हणतात. मुरमं येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या अगदी स्वच्छ दिसणाऱ्या जागेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तरी असे बोळे सापडतात.

हा बोळा हळूहळू फुगतो. वरचं तोंड बंद असेल तर व्हाइटहेड होतो, उघडं असेल तर ब्लॅकहेड. भिंत फुटून आजूबाजूला सूज आली, की लाल पुळी. काही बोळे मध्येच आपोआप विरूनही जातात. न दिसणाऱ्या बोळ्यापासून दिसणाऱ्या पुळीपर्यंतचा हा प्रवास 8 आठवड्यांपर्यंत चालतो. म्हणजे आज हनुवटीवर आलेल्या पुळीचं बीज बऱ्याचदा दीड-दोन महिन्यांपूर्वी पडलेलं असतं. काल रात्री खाल्लेल्या वड्यावर आळ घेण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता यात रेटिनॉइड येतं. ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातली औषधं. ती नळीच्या अस्तरावर काम करतात, पेशींचं झडणं वेगाने आणि नीट होऊ लागतं, चिकटून राहण्याची सवय मोडते. नवे बोळे बसायचे थांबतात आणि जुने हलतात. त्यांतले बरेचसे गुपचूप बाहेर पडतात. काही मात्र बाहेर पडण्याआधी फुगतात, लाल होतात. पुढच्या दोन महिन्यांत हप्त्याहप्त्याने यायच्या होत्या त्या पुळ्या पंधरा-वीस दिवसांत एकरकमी वसूल होतात. खरं पर्जिंग एवढंच. जे बोळे आधीच बसलेले होते तेच लवकर दिसतात, नवं काही तयार होत नाही.

पर्जिंग ओळखायच्या खुणाही याच कारणातून निघतात. बोळे जिथे आधीपासून असतात, म्हणजे जिथे नेहमी पुळ्या येतात, तिथेच या पुळ्या उठणार. ज्या कपाळावर आणि हनुवटीवर नेहमी मुरमं येतात, तिथे आली तर समजण्यासारखं आहे. आयुष्यात कधी पुळी न आलेल्या मानेवर आली, तर नाही. दुसरं म्हणजे, त्या औषधात पेशींच्या झडण्याचा वेग बदलण्याची ताकद हवी. ती रेटिनॉइडमध्ये आहे आणि काही प्रमाणात सॅलिसिलिक, ग्लायकोलिक यांसारख्या आम्लांतही आहे. निआसिनमाइड, हायलुरॉनिक अ‍ॅसिड, कोरफडीचा गर, साधं मॉइश्चरायझर यांच्यात ती नाही. त्यांनी पुळ्या आल्या तर त्याला पर्जिंग म्हणणं म्हणजे बल्ब उडाल्यावर वीज कंपनीला शाबासकी देण्यासारखं आहे. आणि तिसरी खूण वेळेची: बोळ्यांचा जुना साठा संपला की पुळ्याही संपायला हव्यात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जोर, सहाव्या आठवड्याला उतार, आठवा आठवडा ही शेवटची मर्यादा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. पर्जिंग प्रत्येकाला होत नाही. रेटिनॉइडच्या चाचण्यांमध्ये सगळ्या रुग्णांच्या पुळ्या मोजून सरासरी काढली, की आकडा साधारणपणे सुरुवातीपासून खालीच येताना दिसतो. वाढ होते ती थोड्यांची. तेव्हा ‘मला काहीच पर्जिंग झालं नाही, म्हणजे औषध नकली असणार’ ही शंका निराधार आहे. मुरमांसाठी पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनबाबत पहिल्या महिन्यातला हा भडका जास्त ओळखीचा आहे, आणि म्हणूनच बरेच डॉक्टर ती गोळी कमी मात्रेपासून सुरू करतात.

त्वचेचं घड्याळ किती सावकाश चालतं, हे मोजण्याची एक गमतीदार पद्धत आहे. डॅन्सिल क्लोराइड नावाचा एक पदार्थ त्वचेवर लावतात. तो सर्वांत वरच्या मृत थरात मुरतो आणि अतिनील दिव्याखाली चमकतो. मग रोज दिवा धरून पाहायचं, की चमक कधी नाहीशी होते. ती गेली म्हणजे तो सगळा थर झडून नवा आला. अमेरिकेतले त्वचाशास्त्रज्ञ गॅरी ग्रोव्ह आणि अल्बर्ट क्लिगमन यांनी 1983 साली ही मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा तरुणांत या वरच्या थराला सुमारे 20 दिवस लागत होते आणि वयस्करांत आणखी 10 दिवसांहून जास्त. त्याखालच्या जिवंत थरातून पेशीला वर यायला लागणारा वेळ वेगळाच. म्हणून ‘28 दिवसांत नवी त्वचा’ हा जाहिरातींचा आकडा फार तर विशीतल्या माणसाला लागू. पन्नाशीच्या बाईने चार आठवड्यांत निकाल मागणं म्हणजे घड्याळ दुसऱ्याचं आणि हात आपला.

हे क्लिगमन म्हणजे तेच, ज्यांनी 1969 साली दोन सहकाऱ्यांसह मुरमांवर ट्रेटिनॉइनचा उपयोग मांडला. 1971 मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. त्यांच्या नावाला फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांचा डाग आहे आणि तो कुठल्याही क्रीमने जाणारा नाही. अ‍ॅडापलीन हे नंतरचं, त्वचेला तुलनेने कमी जाळणारं औषध. अमेरिकेत ते 1996 मध्ये आलं आणि 2016 पासून तिथे 0.1 टक्क्याची जेल चिठ्ठीशिवाय मिळते.

एक उदाहरण नीट बघू. माणूस कल्पनेतला, पण दवाखान्यात रोज दिसणारा. पुण्यात शिकणारी 22 वर्षांची मुलगी. कपाळ आणि हनुवटी हे तिचे नेहमीचे भाग. डॉक्टरांनी अ‍ॅडापलीन 0.1 टक्के जेल लिहून दिली. ती गरोदर नाही आणि तसा बेतही नाही, हे आधी विचारून घेतलं, कारण गरोदरपणात रेटिनॉइड टाळतात. सुरुवातीच्या रात्री तिने चेहऱ्यावर दिसतील तेवढ्या पुळ्या मोजल्या: लाल 6 आणि पांढरी-काळी टोकं 8, एकूण 14. खिडकीपाशी उभं राहून, सकाळच्या एकाच वेळी, समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे तीन फोटो काढले. ट्यूबलाइटखालचा एक आणि उन्हातला एक अशा दोन फोटोंची तुलना करून कोणीही स्वतःला हवं ते पटवून देऊ शकतं, म्हणून जागा एकच.

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री. चेहरा धुऊन कोरडा झाल्यावर वाटाण्याच्या दाण्याएवढी जेल पूर्ण चेहऱ्याला. कपाळ, दोन गाल आणि हनुवटी असे चार ठिपके ठेवायचे आणि पसरवायचे. एकेका पुळीवर थापायची नाही, कारण काम न दिसणाऱ्या बोळ्यांवर आहे आणि ते सगळीकडे पसरलेले असतात. पहिल्या आठवड्यात विशेष काही नाही, सकाळी त्वचा थोडी ओढल्यासारखी. दुसऱ्या आठवड्यात ओठांच्या कोपऱ्यांशी आणि नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे. हे पर्जिंग नव्हे, औषधाची कोरड आहे. त्या जागा पातळ असतात आणि जेल तिथे साचते. तिने तिथे आधी मॉइश्चरायझर लावून मग जेल लावायला सुरुवात केली.

तिसऱ्या आठवड्यात आकडा 19. हनुवटीवर तीन ठसठशीत, कपाळावर बारीक पांढरी टोकं. घरातल्यांचं म्हणणं उष्णता, मैत्रिणीचं पर्जिंग, ओळखीच्या दुकानदाराचं ‘सूट होत नाही, बंद करा’. तिघांपैकी या वेळी मैत्रीण बरोबर होती, आणि ते ठरवायला आरसा पुरेसा होता. जागा त्याच. आग नाही, खाज नाही. औषध रेटिनॉइड. आठवडा तिसरा. शिवाय या पुळ्या दिसल्या तशा चार-पाच दिवसांत बसतही होत्या. एरवी तिची एक पुळी दहा-बारा दिवस मुक्काम ठोकायची. त्याच आठवड्यात पाळी जवळ आली होती, हेही वहीत लिहिलेलं होतं. पाळीआधीच्या आठवड्यात अनेकींना हनुवटीवर पुळ्या वाढतात, म्हणून नव्या औषधाचा निकाल मागच्या सोमवारशी नव्हे, मागच्या पाळीच्या त्याच दिवसांशी ताडून बघावा लागतो. निदान दोन पाळ्या होऊ द्याव्यात असं म्हणतात त्यामागे हे एक साधं कारण आहे.

चौथ्या आठवड्यात 17. पाचव्यात मात्र काहीतरी निराळं झालं. कानशिलांपाशी, केसांच्या रेषेलगत, मोहरीच्या दाण्यासारखे एकसारखे बारीक दाणे उठले. मोजायला गेलं तर तीसएक. सगळे एका मापाचे, एकही ब्लॅकहेड नाही आणि खाज अशी, की अभ्यास करताना हात आपोआप तिकडे जायचा. मैत्रिणीचं उत्तर तयारच होतं: पर्जिंग अजून चालू आहे.

या वेळी ती चुकली. कानशिलांपाशी त्या मुलीला पूर्वी कधी पुळी आलेली नव्हती. मुरमं एका मापाची नसतात. लाल, पांढरी, काळी, लहान-मोठी अशी मिश्र असतात. आणि पर्जिंगच्या पुळ्या दुखतात, पण अशा खाजत नाहीत. जुलै महिना, रोज हेल्मेट, त्याखाली स्कार्फ आणि शनिवारी रात्री खोबरेल चोपडून झोपायची सवय. त्वचेवर सगळ्यांच्याच राहणारी मॅलेसेझिया ही यीस्ट तेलावर जगते आणि घामट, दमट जागी फोफावते. केसांच्या मुळाशी तिने घर केलं, की हेच चित्र दिसतं. डॉक्टरांनी एका दाण्यातला अंश काचपट्टीवर घेऊन तपासला आणि बुरशीवरची क्रीम दिली. तेल लावायचंच तर आंघोळीच्या तासभर आधी, झोपताना नाही, असं बजावलं. अ‍ॅडापलीन चालूच ठेवली. समजा तिने सगळंच ‘पर्जिंग’ म्हणून सोसलं असतं, तर पावसाळाभर खाजवत बसली असती; आणि सगळंच अ‍ॅडापलीनच्या माथी मारलं असतं, तर चालणारं औषध टाकून दिलं असतं.

खाज नसती आणि कपाळाच्या कडेला नुसते बंद, कातडीच्या रंगाचे दाणे असते, तर संशय थेट तेलावर गेला असता. केसांच्या तेलाने, पोमेडने कपाळावर येणाऱ्या मुरमांना वैद्यकात पोमेड अ‍ॅक्ने असं रीतसर नाव 1970 सालापासून आहे. जड क्रीम, फाउंडेशन, काही सनस्क्रीन यांनीही हेच होऊ शकतं. नव्या वस्तूने होणाऱ्या त्रासांत हा प्रकार ओळखायला सर्वांत अवघड, कारण तोही बोळ्याच्याच वाटेने येतो आणि त्याचंही घड्याळ आठवड्यांचं असतं. पर्जिंगचा आलेख वर जाऊन खाली येतो. छिद्रं बुजवणाऱ्या क्रीमचा आलेख पहिल्या महिन्यात जवळजवळ सपाट असतो, मग हळूहळू चढतो आणि चढतच राहतो. सहाव्या आठवड्याला चौथ्यापेक्षा जास्त आणि आठव्याला सहाव्यापेक्षा जास्त दाणे असतील, तर ती वस्तू बंद करायची. बंद केल्यावरही दाणे लगेच जात नाहीत. आधी बसलेले बोळे आपला वेळ घेऊनच संपतात.

चटकन ओळखू येणारे त्रास दोन: जळजळ आणि अ‍ॅलर्जी. जळजळ म्हणजे त्वचेच्या वरच्या थराला झालेली इजा. चुणचुण, आग, लाली, मग कोरडे पापुद्रे. ती मिनिटांत, तासांत किंवा फार तर काही दिवसांत कळते आणि पुळ्या असोत-नसोत, जिथे क्रीम लागली तिथे सगळीकडे होते. साधं पाणी लावलं तरी चेहरा झोंबत असेल, तर थर फाटला आहे हे नक्की समजावं. रेटिनॉइडच्या बाबतीत थोडी कोरड चालते, त्यावर उपाय अंतर वाढवण्याचा. पण पाणी झोंबू लागलं की काही दिवस पूर्ण विश्रांती. ‘जळतंय म्हणजे काम करतंय’ हे वाक्य फिनाइलच्या बाटलीवर शोभेल, चेहऱ्याला नाही.

अ‍ॅलर्जीची मुख्य खूण खाज. पापण्या सुजतात, बारीक पाणीदार फोड येतात, कधी क्रीम लागली नव्हती त्या मानेपर्यंत लाली पसरते. गोंधळ होतो तो तिच्या वेळेमुळे. शरीराला एखाद्या सुगंधाची किंवा प्रिझर्वेटिव्हची अ‍ॅलर्जी आधी जडावी लागते, आणि त्याला आठवडे लागतात, कधी वर्षंही. एकदा जडली, की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत पुरळ उठतो. म्हणून ‘दहा दिवस काहीच झालं नाही, मग आता कशी अ‍ॅलर्जी होईल’ हा युक्तिवाद टिकत नाही; वर्षानुवर्षं वापरलेल्या क्रीमचीही होऊ शकते. म्हणूनच कानामागे एकदा क्रीम लावून रात्रभर वाट बघण्याची घरगुती चाचणी अपुरी पडते. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीचा सल्ला असा: कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस लावून पाहा. या चाचणीत अ‍ॅलर्जी आणि जळजळ बऱ्यापैकी पकडली जाते. पुळ्या येतील का, हे मात्र कोपर सांगू शकत नाही.

मग किती थांबायचं? वस्तू कशासाठी घेतली, यावर ते ठरतं. मॉइश्चरायझर त्वचा मऊ करायला घेतलं असेल, तर आठवडा भरपूर झाला. पंधरा दिवसांनीही चेहरा ओढत असेल तर ते तुमच्यासाठी नाही. सनस्क्रीनने डोळे झोंबतात का, चेहरा तेलकट होतो का, हे चार दिवसांत कळतं. ते त्वचेला वाचवतं का, हे आरशात कधीच दिसत नाही, त्यामुळे ‘फरक पडला नाही’ ही तक्रारच चुकीची. मुरमांवरच्या कुठल्याही औषधाला 8 ते 12 आठवडे, कारण एक पूर्ण पिढी बोळ्यांची संपून पुढची पिढी कमी आली का, हेच तर पाहायचं आहे. ट्रेटिनॉइनच्या त्याच कागदावर लिहिलंय, की परिणाम दोन-तीन आठवड्यांत जाणवू लागतो, पण निश्चित फायदा दिसायला सहा आठवड्यांपेक्षा जास्त लागू शकतात. सुरकुत्यांसाठी लावलेलं रेटिनॉइड असेल तर महिन्यांचा हिशेब, सहा धरलेले बरे. लग्नाच्या दोन आठवडे आधी कुठलंही रेटिनॉइड किंवा आम्ल सुरू करणाऱ्या नवरीला पापुद्रे आणि पुळ्या ऐन हळदीच्या दिवशी भेटतात, हे तर कुठलाही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल.

वाट पाहण्यात एक चकवाही आहे. माणूस नवं औषध घेतो तो मुरमं सर्वांत वाईट असताना. मुरमं तशीही चढउतार करत असतात, त्यामुळे कळसावरून ती काही न करताही थोडी उतरतात. मुरमांच्या चाचण्यांत ज्यांना औषध नसलेली नुसती क्रीम दिलेली असते, त्यांच्याही पुळ्या बारा आठवड्यांत चांगल्या कमी होतात. म्हणून एका वेळी एकच नवी वस्तू, आणि दोन वस्तूंमध्ये निदान चार आठवड्यांचं अंतर. सीरम, फेसवॉश आणि टोनर एकाच रविवारी आणले, तर श्रेय कोणाला आणि दोष कोणाला, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

या सगळ्याला एक उलटा अपवाद आहे, आणि आपल्याकडे तो सर्वांत धोक्याचा. काही क्रीमना थांबावंच लागत नाही. तीन दिवसांत लाली जाते, आठवड्यात पुळ्या बसतात, रंग उजळतो आणि शेजारणी नाव विचारू लागतात. अशा झटपट निकालामागे बऱ्याचदा स्टेरॉइड असतं: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत, देशातल्या 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण, म्हणजे जवळजवळ 15 टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. 2018 मध्ये सरकारने अशा अनेक क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी गल्लीतल्या दुकानात त्या मागितल्या की मिळतात, आणि पार्लरमधल्या बिनलेबलच्या डबीत काय आहे हे तर कोणालाच माहीत नसतं.

स्टेरॉइडचा खेळ असा, की लावलं तोवर सूज दबलेली राहते. महिन्या-दोन महिन्यांनी बंद केलं, की चेहरा लालबुंद होतो, आग होते आणि एकसारख्या लाल पुळ्यांचं पीक येतं. तेव्हा विकणारी म्हणते, ‘बघा, घाण बाहेर पडतेय, पुन्हा लावा.’ पुन्हा लावलं की दोन दिवसांत शांत. याहून पटणारा पुरावा कुठला? भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नाव दिलेलं आहे, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. पातळ झालेली कातडी, तिच्यातून दिसणाऱ्या तांबड्या रेषा, गालावर वाढलेली लव आणि ऊन सोसेनासं होणं. फरक ओळखायची खूण सोपी आहे. पर्जिंग औषध सुरू केल्यावर येतं आणि औषध चालू असतानाच जातं. हा भडका औषध थांबवल्यावर येतो आणि परत लावल्यावर जातो. अशा वेळी बंद करणंही स्वतःच्या मनाने नको. डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने सोडवतात.

पुण्याच्या मुलीचा आकडा सहाव्या आठवड्यात 12 झाला, आठव्यात 9 आणि बाराव्यात 5. तरी बाराव्या आठवड्याला ती दवाखान्यात आली ती नाराज होऊनच. आरशात तिला फरक दिसत नव्हता. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीचे फोटो उघडायला लावले आणि हनुवटीवर बोट ठेवलं. तिथे आता पुळी नव्हती, तिसऱ्या आठवड्यातल्या त्या तीन पुळ्यांचे तपकिरी डाग होते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत पुळी बसल्यावर रंग मागे राहतो, आणि तो उतरायला कित्येक महिने लागतात. ऊन लागलं तर आणखी. ती इतके दिवस डागांना पुळ्या समजून मोजत होती. अ‍ॅडापलीन तशीच चालू राहिली, सकाळी सनस्क्रीन वाढलं आणि वहीत डागांसाठी एक वेगळा रकाना आखला गेला.